छताचा हप्ता

वर्गणी आणि हप्ता या दोन शब्दांत फरक आहे. वर्गणी देताना माणूस थोडा मोठा होतो. गणपतीची असो, सिद्धेश्वर यात्रेतल्या प्रसादाची असो, दिली तर चांगलं आणि नाही दिली तर घासाघीस करून निम्मी. हप्ता देताना कुणी मोठं होत नाही. तो द्यायचाच असतो, आणि चुकला की त्याचं ओझं दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर जातं. आपल्याकडच्या बहुतेक हाउसिंग सोसायट्या इमारतीची दुरुस्ती वर्षानुवर्षं वर्गणीसारखी करतात. पाणी गळालं की गोळा करा, डांबर फासा, पुढच्या पावसाळ्यापर्यंत विसरा. मग एक दिवस पार्किंगमधल्या कॉलमचं प्लास्टर गाडीच्या बॉनेटवर पडतं आणि वर्गणीचा हप्ता होतो.

सोलापुरातल्या आमच्या सोसायटीत हा दिवस आला तेव्हा खजिनदारकाकांनी सर्वसाधारण सभेत जे भाषण केलं, त्याबद्दल मला लिहायचं आहे. काका एका यंत्रमाग कारखान्यात आयुष्यभर हिशेब लिहून निवृत्त झालेले. आवाज बारीक, हातात वही. पण त्यांनी पाऊण तासात जे मांडलं त्यात कर्ज कमी होतं आणि न्याय जास्त होता. म्हणजे असा प्रश्न, की एकाच छताखाली राहणाऱ्या, पण सारख्या नसलेल्या माणसांनी एकच खर्च कसा वाटून घ्यायचा?

इमारत 1995 ची. खाली पार्किंग, वर चार मजले, प्रत्येक मजल्यावर सहा फ्लॅट. एकूण चोवीस. त्यात साडेचारशे फुटांचे आठ वन बीएचके, सातशे फुटांचे बारा टू बीएचके आणि हजार फुटांचे चार थ्री बीएचके. सगळं मिळून सोळा हजार चौरस फूट. गच्ची, कॉलम-बीम, बाहेरचं प्लास्टर, पाइप आणि उघडल्यावर काय निघेल याची दहा टक्के तरतूद धरून अंदाजपत्रक बावीस लाखांचं झालं. सोसायटीच्या निधीत सहा लाख होते. उरले सोळा लाख. ते बँकेकडून घ्यायचे.

‘बावीस लाख हा आकडा विसरा,’ काका म्हणाले. ‘घरी जाऊन शंभर रुपये एवढंच सांगा. सोळा लाख भागिले सोळा हजार फूट. फुटाला शंभर.’

आकडा असा लहान झाला की माणसं ऐकू लागतात. पण लगेच पहिल्या मजल्यावरून, म्हणजे पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या एका गृहस्थांकडून, जुना प्रश्न आला. गच्ची माझ्या डोक्यावर नाही. गळतंय चौथ्या मजल्यावर, त्यांनी भरावं. मी का?

याला काकांनी चिडून उत्तर दिलं नाही. त्यांनी गंज समजावून सांगितला. सोलापूरच्या उन्हात गच्चीचा स्लॅब दिवसा तापतो, रात्री निवतो, रोज थोडा पसरतो आणि थोडा आकसतो. त्यानं वरच्या कोब्याला केसाएवढ्या भेगा पडतात. त्यातच आपल्याकडे उजनीचं पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून प्रत्येकाने गच्चीवर टाक्या चढवलेल्या. त्या भरून वाहतात, आणि पाणी भेगांतून सळईपर्यंत पोचतं. गंजलेली सळई मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागते. ती आतून फुगते आणि बाहेरचं काँक्रीट ढकलून टाकते. हातोडीनं ठोकून पाहिलं की भक्कम ठिकाणी टणक आवाज येतो आणि सुटलेल्या ठिकाणी पोकळ. स्ट्रक्चरल ऑडिट करणाऱ्या अभियंत्याने सभेआधी काही लोकांना असंच ठोकून दाखवलं होतं. पोकळ आवाज चौथ्या मजल्याच्या छताला होता, आणि पार्किंगमधल्या दोन कॉलमनाही होता. ते कॉलम पहिल्या मजल्याला आधी उचलतात.

‘छत चौथ्याचं आणि खांब पहिल्याचा असं वाटून घ्यायचं ठरवलं,’ काका म्हणाले, ‘तर खांबाचं बिल कुणाला लावू सांगा. त्याच्यावर तर चारही मजले बसलेत की.’

आदर्श उपविधींमध्येही हेच आहे. गच्ची, कठडा, जिना, बाहेरचे पाइप, छताची स्ट्रक्चरल दुरुस्ती, आणि पावसाचं पाणी गच्चीतून झिरपून सगळ्यात वरच्या फ्लॅटच्या छताचं जे नुकसान होतं तेसुद्धा, या सगळ्याची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने करायची असते. तुमच्या बाथरूमच्या फरशीतून खालच्या घरात पाणी जात असेल तर ते मात्र तुमचं तुम्ही बघायचं. मला ही रेघ नेमक्या जागी ओढलेली वाटते. ज्याच्यावर माझा एकट्याचा ताबा आहे ते माझं, आणि जे ऊन-पाऊस सगळ्यांच्या वतीनं झेलतं ते सगळ्यांचं. चौथ्या मजल्यावरचा माणूस वरच्या घरात राहतो म्हणून उन्हाळ्यात सगळ्यांच्या वाट्याची उष्णता एकटा सोसतो. त्याचं भाडं त्याला कुणी देत नाही. निदान गळतीचं बिल तरी त्याच्या एकट्याच्या नावावर फाडू नये.

खरा वाद यानंतर होता. सगळ्यांनी भरायचं हे मान्य, पण सगळ्यांनी सारखं भरायचं का?

कर्ज साठ महिन्यांचं, व्याज वर्षाला बारा टक्के, घटत्या शिलकीवर. महिन्याचा हप्ता 35,591 रुपये. चोवीसने भागला तर प्रत्येकी 1,483. सोपं, स्वच्छ, भांडण नाही. फुटाने वाटला तर वन बीएचकेला 1,001, टू बीएचकेला 1,557 आणि थ्री बीएचकेला 2,224. थ्री बीएचकेवाल्यांपैकी एकांचा आक्षेप मला आजही पटण्यासारखा वाटतो. ते म्हणाले, सोसायटीत मला मत एकच आहे. माझ्या मोठ्या घराला जास्त मत देत नाही, मग बिल जास्त का? सहकार म्हणजे समानता ना?

गंमत म्हणजे महाराष्ट्राच्या कायद्यात या प्रश्नाची दोन उत्तरं आहेत. अपार्टमेंट ओनरशिपच्या 1970 च्या कायद्याखाली असलेल्या इमारतीत सामाईक खर्च ज्याच्या त्याच्या अविभक्त हिश्श्याच्या टक्क्यानुसार वाटला जातो. तिथे माणूस हिश्श्यानं मोजतात. सहकारी संस्थांच्या 1960 च्या कायद्याखालच्या सोसायटीत एका सभासदाला एक मत, मग त्याचं घर केवढंही असो. रस्त्यावरून बघणाऱ्याला दोन्ही इमारती एकसारख्याच दिसतात. आत न्यायाची कल्पना वेगळी असते.

पण सहकारी सोसायटी म्हणजे सगळंच सारखं, हा समज अर्धवट आहे. काकांनी उपविधींची प्रत काढून वाचून दाखवली. वॉचमन, साफसफाई, ऑफिसखर्च असे सेवाखर्च सगळ्यांना सारखे. जिना झाडायला लागणारा वेळ तुमचं घर किती फुटांचं आहे यावर ठरत नाही. दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड मात्र प्रत्येक फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या टक्केवारीने घ्यायचा, आणि मोठ्या दुरुस्तीचा निधी क्षेत्रफळाच्या प्रमाणात. म्हणजे सेवा माणसाप्रमाणे आणि बांधकाम फुटाप्रमाणे.

मला वाटतं यात विसंगती नाही. गावाकडे भावाभावांत सामाईक विहीर असते, तिथे हे रोज चालतं. बैठकीत धाकट्या भावाचं बोलणं थोरल्याइतकंच ऐकायचं, पण विहिरीचा गाळ काढायचा खर्च ज्याच्या त्याच्या पाण्याच्या पाळीप्रमाणे. ज्याची पाळी दोन दिवसांची त्याने दोन वाटे द्यायचे. तिथे कुणी म्हणत नाही की तोंड एक म्हणून पैसेही एक. मत हे माणसाला मिळतं, कारण निर्णयाचा परिणाम माणूस भोगतो. भार इमारतीच्या भागाला लागतो, कारण झीज त्या भागाची होते. हजार फुटांच्या फ्लॅटचा स्लॅब खरोखरच साडेचारशे फुटांच्या दुपटीपेक्षा मोठा आहे, आणि दुरुस्तीनंतर त्याची किंमतही त्याच मानाने टिकणार आहे.

इथपर्यंत भूगोल होता. यानंतर काका इतिहासाकडे वळले, आणि भाषणाचा तो भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. निधीत सहाच लाख का?

सिंकिंग फंड म्हणजे इमारत म्हातारी होईल त्या दिवसासाठी तिच्या तरुणपणापासून बाजूला काढायचा पैसा. उपविधींप्रमाणे तो वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का, जमिनीची किंमत सोडून. आता हिशेब बघा. 1995 मध्ये आमच्या एका फ्लॅटचा बांधकाम खर्च सरासरी दोन लाख धरला होता. त्याचा पाव टक्का म्हणजे वर्षाला पाचशे रुपये. महिन्याला बेचाळीससुद्धा नाहीत. चोवीस फ्लॅटचे मिळून वर्षाला बारा हजार. सिमेंट, सळई, मजुरी सगळं वाढत गेलं, पण पाव टक्का मात्र 1995 च्या दोन लाखांवरच मोजला गेला. कायद्याने किमान सांगितलं होतं. सभेला जास्त ठरवता आलं असतं. दरवर्षी सभा झाली, चहा-चिवडा झाला आणि दरवर्षी किमान तेवढंच मंजूर झालं.

म्हणजे आज जो हप्ता बसतोय त्यातला मोठा भाग गेल्या तीस वर्षांत न भरलेल्या पैशाचा आहे. तो कुणी भरला नाही? जे तेव्हा इथे राहत होते त्यांनी. त्यातले कितीतरी फ्लॅट विकून पुण्याला मुलांकडे गेले. आणि तो आज भरणार कोण? दोन वर्षांपूर्वी स्वतःचं गृहकर्ज काढून इथे आलेलं जोडपं. त्यांनी इमारतीचं एक इंचही झिजवलेलं नाही. त्या जोडप्यातल्या मुलीने हेच विचारलं, आणि सभेत पहिल्यांदा शांतता झाली.

काकांकडे याचं पूर्ण उत्तर नव्हतं, आणि त्यांनी ते असल्याचा आवही आणला नाही. गेलेल्यांकडून वसूल करायचा मार्ग नाही. मात्र म्हणूनच एकरकमी पैसे गोळा करण्यापेक्षा कर्ज बरं, असं त्यांचं म्हणणं. एकरकमी घेतलं तर आज जो दारात उभा आहे त्याच्यावर सगळं पडतं. पाच वर्षांच्या हप्त्यात निदान पुढे राहणारा पुढचा भाग भरतो. उद्या या जोडप्याने तिसऱ्या वर्षी घर विकलं तर उरलेले हप्ते नव्या मालकाकडे जातात, आणि दुरुस्त छतही त्याच्याकडेच जातं. सोसायटीतलं घर जुनं घ्यायच्या विचारात असाल तर टाइल्स आणि मॉड्युलर किचन बघण्याआधी ताळेबंदातला सिंकिंग फंडाचा आकडा बघा. फ्लॅटच्या किमतीत न दिसणारी किंमत तिथे लिहिलेली असते. भाड्याने राहत असाल तर सेवाखर्च तुमच्या भाड्यात येऊ शकतो, पण इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीचा हप्ता मालकाचा आहे. तो तुमच्यावर ढकलला जात असेल तर करार वाचून बघा.

कर्जाला मात्र स्वतःचा एक अन्याय असतो. ज्याच्याकडे रोख आहे त्याने आजच फुटाला शंभर भरून मोकळं व्हावं, अशी मुभा काकांनी ठेवली होती. म्हणजे तेवढं कर्जच कमी काढायचं. वन बीएचकेवाल्याने आज रोख भरले तर 45,000. हप्त्याने भरले तर साठ महिन्यांत 60,060. तोच स्लॅब, तेवढंच सिमेंट, आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला पंधरा हजार जास्त. यावर सोसायटीच्या सभेत इलाज नाही. पैसा नसणं नेहमीच महाग पडतं. एक गोष्ट मात्र काकांनी ठासून सांगितली. रोख भरणारा हप्त्यातून सुटतो, जबाबदारीतून नाही. कर्ज सोसायटीच्या नावावर आहे. हप्ते थकले तर बँक सोसायटीकडे येणार, आणि सोसायटीत तोही आहेच.

मध्येच कुणीतरी मोबाइलवर आलेली एक ऑफर वाचून दाखवली. नऊ टक्के फ्लॅट रेट. बाराऐवजी नऊ, मग बँक कशाला? हा सापळा इतक्या लोकांना चकवतो की इथे थांबायला हवं. फ्लॅट रेटमध्ये व्याज पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवर पाचही वर्षं लागतं, तुम्ही किती फेडलं याची दखल न घेता. सोळा लाखांचे नऊ टक्के म्हणजे वर्षाला 1,44,000, पाच वर्षांत 7,20,000. घटत्या शिलकीवर बारा टक्क्यांनी एकूण व्याज येतं सुमारे 5,35,000. कमी दिसणारा दर पावणेदोन लाखांहून अधिक महाग. घटत्या शिलकीत पहिल्या हप्त्यातले 16,000 व्याजाचे असतात आणि 19,591 मुद्दलाचे. शेवटच्या हप्त्यात व्याज साडेतीनशेच्या आसपास उरतं. त्यामुळे लवकर फेड करायची असेल तर ती सुरुवातीच्या वर्षांत केली तरच खरा फायदा.

आता थकबाकी. 35,591 चा हप्ता बँकेला दर महिन्याला पूर्ण लागतो. चोवीसपैकी एकाने जरी उशीर केला तरी रक्कम अपुरी. म्हणून काकांनी दर फुटाला 2.22 ऐवजी 2.40 रुपये सुचवला. वन बीएचकेला 1,080, टू बीएचकेला 1,680, थ्री बीएचकेला 2,400. महिन्याला 38,400 जमतील, म्हणजे 2,809 जास्त. एक टू बीएचके आणि एक वन बीएचके एकाच महिन्यात चुकले तरी हप्ता जाईल. जास्तीचे पैसे वेगळ्या खात्यात, आणि शेवटी उरले तर फुटांच्याच हिशेबाने परत.

यावर नैतिक आक्षेप सरळ आहे. वेळेवर भरणाऱ्याने न भरणाऱ्यासाठी आधीच जास्त का द्यायचं? उपविधींप्रमाणे थकबाकीवर वर्षाला 21 टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावता येतं, निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळवता येतो. पण त्याला महिने जातात आणि बँकेची तारीख महिन्यातून एकदा येतेच. काकांचं उत्तर असं होतं की हे पैसे बुडवणाऱ्यासाठी नाहीत, अडलेल्यासाठी आहेत. दोघांत फरक ओळखायचा कसा, तर बुडवणारा सभेला येत नाही आणि अडलेला येऊन गप्प बसतो.

त्या सभेत गप्प बसलेल्या होत्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या अक्का. वन बीएचके, एकट्या, नवऱ्याच्या मागे मिळणारी तुटपुंजी पेन्शन. सगळ्यांना माहीत होतं, कुणी बोलत नव्हतं. शेवटी एका सभासदाने प्रस्ताव मांडला की अक्कांना माफ करू. महिन्याचे 1,001, उरलेल्या तेवीस घरांत वाटले तर प्रत्येकी 44 रुपये. चहाच्या दोन-तीन कपांचे पैसे.

टाळ्या वाजायच्या बेतात होत्या, आणि अक्का म्हणाल्या, ‘मला माफी नको. मी काय गुन्हा केला?’

मला हे वाक्य बरेच दिवस सोडत नव्हतं. आपण माफ करतो तेव्हा समोरच्याला ऋणी करतो, आणि तेही असं ऋण की जे फिटत नाही. रोज जिन्यात भेटणाऱ्या तेवीस घरांचं चव्वेचाळीस रुपयांचं ऋण हे बँकेच्या कर्जाहून जड असू शकतं. पुढच्या वेळी पाण्याच्या टाकीवरून भांडण झालं तर अक्का आवाज चढवू शकल्या असत्या का?

काकांनी वही उलटली आणि तिसरी वाट सुचवली. माफी नाही, मुदत. अक्कांनी हप्ता आत्ता भरू नये. तो जास्तीच्या खात्यातून जाईल. त्यांच्या नावावर दर महिन्याला 1,001 जमा होत राहतील, बँकेला जेवढं व्याज आपण देतो तेवढंच व्याज लागून. साठ महिन्यांनी ती रक्कम सुमारे 82 हजार होते. हे देणं त्यांच्या फ्लॅटवर राहील आणि फ्लॅट विकताना किंवा वारसाच्या नावावर होताना वसूल होईल. मध्ये कधी त्यांच्या हाती पैसे आले तर त्यांनी भरावेत. ‘म्हणजे हे तुम्हाला दिलेलं नाही अक्का, तुमच्याकडून यायचं आहे,’ ते म्हणाले.

विरोध झाला, आणि तो नीच नव्हता. थ्री बीएचकेवाल्यांनीच विचारलं की आज एकीला मुदत, उद्या पाच जण मागतील, मग जास्तीच्या खात्यात उरलं काय? हिशेब खरा होता. अक्कांचे 1,080 येणार नाहीत म्हटल्यावर महिन्याचं जास्तीचं 1,729 वर येतं. मग एकाच टू बीएचकेचा उशीर सहन होतो, दुसऱ्याचा नाही. त्यामुळे ठरावात तीन गोष्टी घालायच्या ठरल्या. मुदत मागणाऱ्याने लेखी अर्ज करायचा, एका वेळी दोनपेक्षा जास्त घरांना ती मिळणार नाही, आणि अर्ज कुणाचा होता हे नोटीस बोर्डावर लागणार नाही. शेवटच्या कलमावर सगळ्यात कमी चर्चा झाली, पण मला तेच सगळ्यात हुशारीचं वाटलं.

उपस्थित एकोणीस जणांपैकी पंधरांनी हात वर केले, चौघांनी नाही. पहिल्या मजल्यावरच्या गृहस्थांचा हात वर होता. त्या जोडप्यातल्या मुलीचा नव्हता. काकांनी तिचं नाव विचारून इतिवृत्तात तिचा आक्षेप तिच्याच शब्दांत लिहून घेतला, की आधी राहून गेलेल्यांचा न भरलेला वाटा नव्यांवर पडतो आहे, आणि म्हणून या वर्षापासून सिंकिंग फंडाचा दर आजच्या बांधकाम खर्चावर मोजण्याचा प्रस्ताव पुढच्या सभेत यावा. खाली सही करताना त्यांनी चष्मा काढून पुसला आणि कंत्राटदाराच्या अंतिम बिलातले दहा टक्के एक पावसाळा जाईपर्यंत रोखून ठेवायचे, ही ओळ शेवटी जोडली.